वकिलाच्या प्रोफाइल छायाचित्रात काळा गाऊन आणि पांढरा बँड कसा बसवावा : लेअरचा क्रम, सावल्या आणि तपासण्या

वकिलाने काळा कोट आणि पांढरा शर्ट घालून छायाचित्र काढून घेतले आहे, पण गाऊन आणि बँड त्यात नाहीत, आणि ते नंतर संगणकावर चढवायचे आहेत, असे काम एडिटिंग करणाऱ्यांकडे वरचेवर येते. हे काम बिघडण्याची कारणे ठराविक आहेत. बँड कॉलरच्या वर चिकटवलेला दिसतो, गाऊन थेट मानेला जाऊन भिडतो, पांढऱ्यावर पांढरे आणि काळ्यावर काळे मिसळून दोन्ही वस्त्रे नाहीशी होतात. यांतले बहुतेक दोष साधनांच्या अज्ञानामुळे येत नाहीत. प्रत्यक्षात कोणते कापड कशाच्या वर आणि कशाच्या खाली असते, हे न पाहता लेअर रचल्यामुळे येतात.

येथे एकच प्रकार सविस्तर घेतला आहे: समोरून काढलेले, छातीपर्यंतचे छायाचित्र, अंगात दुमडत्या कॉलरचा पांढरा शर्ट आणि पुढे उघडा राहणारा काळा कोट. पायऱ्या Photoshop धरून लिहिल्या आहेत. GIMP मध्येही क्रम तोच राहतो, आणि जिथे पद्धत बदलते तिथे तसे सांगितले आहे.

## टप्पा १ : एडिटिंगची गरज आहे का, आणि कोणता गाऊन

वकील पुन्हा दहा मिनिटे कॅमेऱ्यासमोर बसू शकत असतील, तर गाऊन आणि बँड घालून नव्याने छायाचित्र काढणे हाच उत्तम मार्ग आहे. चांगले एडिटिंग करायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. पुन्हा बसणे शक्य नसेल तेव्हाच पुढचे वाचावे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील भाग ६, प्रकरण ४ मध्ये वकिलांचा पोशाख ठरवून दिलेला आहे. पुरुष वकिलांसाठी गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट, अचकन किंवा शेरवानी, अथवा उघडा काळा कोट, पांढरा शर्ट आणि पांढरी कॉलर, आणि दोन्ही प्रकारांत पांढरे बँड व वकिलाचा गाऊन, असा तो आहे. महिला वकिलांना पांढऱ्या किंवा काळ्या साडीचा, सलवार-कुर्त्याचा आणि बिनकॉलरच्या पांढऱ्या ब्लाउजचा पर्याय आहे; त्या ब्लाउजमुळे बँडची मांडणी बदलते, ते टप्पा ५ मध्ये येईल. गाऊन सर्वोच्च न्यायालयात आणि उच्च न्यायालयांत सक्तीचा आहे, इतरत्र ऐच्छिक आहे. त्यामुळे केवळ जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला गाऊन हवाच असे गृहीत न धरता आधी विचारून घ्यावे.

सावधान: इंटरनेटवर मिळणारा कोणताही काळा झगा वकिलाचा गाऊन म्हणून वापरू नये. अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम १६ नुसार ज्येष्ठ अधिवक्ता हा वेगळा वर्ग आहे आणि त्यांच्या गाऊनची रचनाही वेगळी असते. पदवीदान समारंभाचा गाऊन तर त्याहूनही निराळा. कनिष्ठ वकिलाच्या अंगावर ज्येष्ठ अधिवक्त्याचा गाऊन चढवलेला पाहणाऱ्या सहकाऱ्यांच्या लगेच लक्षात येतो, आणि ती चूक हास्यास्पद न राहता आक्षेपार्ह ठरते. ज्याची सनद अद्याप मिळालेली नाही अशा विद्यार्थ्याच्या छायाचित्रावर बँड चढवण्याचे कामही घेऊ नये. तसेच असे जोडलेले छायाचित्र ओळखपत्रासाठी किंवा कोणत्याही अधिकृत अर्जासाठी देऊ नये, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे.

## टप्पा २ : गाऊन आणि बँडची छायाचित्रे काढणे

शक्यतो त्याच वकिलाचा गाऊन आणि त्याच वकिलाचा बँड मागवून घ्यावा. निम्मे काम येथेच होते किंवा बिघडते.

आधी मूळ छायाचित्रातला प्रकाश वाचावा. नाकाची सावली कोणत्या गालावर पडली आहे आणि हनुवटीची सावली शर्टवर किती खाली उतरली आहे, या दोन गोष्टींवरून प्रकाशाची बाजू आणि उंची कळते. गाऊन आणि बँड त्याच बाजूच्या, तितक्याच उंचीच्या प्रकाशात टिपावेत. प्रकाश डावीकडून असताना उजवीकडून टिपलेला गाऊन आरशासारखा उलटवून चालेल असे वाटते. पण गाऊनच्या खांद्यावरच्या चुण्या आणि कडा दोन्ही बाजूंना कधीच एकसारख्या पडत नाहीत, आणि उलटवलेल्या कापडात त्या मूळ खांद्याच्या उताराशी जुळत नाहीत.

गाऊन हँगरवर टांगून टिपू नये. हँगरवर खांद्याची टोके टोकदार होतात आणि छातीवरचे कापड आत जाते. साधारण त्याच अंगकाठीच्या माणसाने आतून काळा कोट घालून त्यावर गाऊन चढवावा, कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवावा आणि मागे फिकट करड्या रंगाचा पडदा असावा. पूर्ण पांढरा पडदा टाळावा, कारण त्याचा प्रकाश काळ्या कापडाच्या कडेवर सांडतो आणि नंतर तीच पांढरट रेषा काढण्यात वेळ जातो.

बँडला खळ घालून कडक इस्त्री करून घ्यावी. तो टेबलावर सपाट ठेवून टिपण्यापेक्षा करड्या पुठ्ठ्यासमोर उभा लोंबवून टिपावा, म्हणजे त्याच्या दोन पट्ट्या खाली किंचित फाकतात आणि कापडाला खरा झोक येतो. गळ्याभोवतीची पट्टीसुद्धा चौकटीत आली पाहिजे.

एक्स्पोजर स्वयंचलित ठेवल्यास कॅमेरा फसतो. चौकट काळ्या गाऊनने भरली की तो तिला उजळवून गाऊन राखाडी करतो, आणि पांढरा बँड जवळून घेतला की तो काळवंडवतो. मग हे दोन्ही भाग एका चित्रात आले की गाऊन जुनाट आणि बँड मळका दिसतो. म्हणून करड्या पुठ्ठ्यावर एक्स्पोजर ठरवून ते लॉक करावे आणि त्याच मापाने गाऊन व बँड दोन्ही टिपावेत.

तपासणी: बँडच्या सर्वांत उजळ भागात आणि गाऊनच्या सर्वांत गडद घडीत कापडाचा पोत दिसतो का, हे शंभर टक्के मोठे करून पाहावे. पोत हरवला असेल तर तो भाग पुन्हा टिपावा; एडिटिंगमध्ये तो परत येत नाही.

## टप्पा ३ : माप ठरवणे

बँड डोळ्यांच्या अंदाजाने लहानमोठा करणे ही फार मोठी चूक आहे. बहुतेक वेळा तो मोठा होतो, कारण एडिटिंग करणाऱ्याला तो दिसावा असे वाटत असते. बँड अर्ध्या छातीपर्यंत आला की वकील नाटकातला वाटतो.

माप काढण्यासाठी मूळ छायाचित्रातली अशी वस्तू घ्यावी जी कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून आहे आणि जिचे खरे माप वकिलाला विचारता येते. कॉलरचे टोक यासाठी चांगले नाही, कारण ते तिरके असते आणि छायाचित्रात आखूड दिसते. कोटाचे बटण उत्तम. समजा, बटणाचा व्यास २ सेंटिमीटर आहे आणि छायाचित्रात तो ५२ पिक्सेल भरतो. म्हणजे एका सेंटिमीटरला २६ पिक्सेल. पडताळा म्हणून लॅपलची रुंदी मोजली आणि ती प्रत्यक्षात ८ सेंटिमीटर निघाली, तर छायाचित्रात ती २०८ पिक्सेलच्या आसपास असायला हवी. तशी आली तर गुणोत्तर बरोबर आहे.

आता वकिलाच्या बँडची एक पट्टी १३ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद असेल, तर ती छायाचित्रात ३३८ पिक्सेल लांब आणि १०४ पिक्सेल रुंद बसेल. बँडचा लेअर आणताच तो आधी या मापावर आणावा आणि मगच जागेवर न्यावा. पुढे तो चित्रात छोटा वाटला तरी मोठा करू नये. गाऊनचे मापही असेच, पण त्याच्यासाठी दोन्ही खांद्यांमधले अंतर आधार म्हणून घ्यावे.

सावधान: छायाचित्र मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले असेल तर ते आरशातल्याप्रमाणे उलटे नाही ना, हे पाहावे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते आणि छातीवरचा खिसाही घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे असतो. खिसा दुसऱ्या बाजूला दिसला तर सर्वांत आधी मूळ छायाचित्र सरळ करावे.

## टप्पा ४ : लेअरचा क्रम

आता मुख्य भाग. आरशासमोर प्रत्यक्ष तयार होताना काय होते ते डोळ्यांपुढे आणावे. बँडची गळपट्टी शर्टच्या उभ्या कॉलरभोवती जाते, त्यावर कॉलर दुमडली जाते, म्हणून बँडचा वरचा भाग कॉलरच्या दोन पातींखाली लपतो आणि दोन पट्ट्या पातींच्या मधून बाहेर येतात. त्या तिथून मोकळ्या लोंबतात. कोटाच्या लॅपलखाली त्या खोचलेल्या नसतात. गाऊन सर्वांत शेवटी खांद्यांवर येतो, पण त्याची मागची बाजू मानेच्या पाठीमागून जाते.

म्हणजे बँडचा एक भाग कॉलरच्या खाली आहे आणि दुसरा शर्टच्या वर. गाऊनचा एक भाग माणसाच्या मागे आहे आणि दुसरा पुढे. एकाच लेअरमध्ये पूर्ण गाऊन आणि एकाच लेअरमध्ये पूर्ण बँड ठेवून हे साधणे शक्य नाही. खालून वर असा क्रम लावावा:

1. पार्श्वभूमी
2. गाऊनची मागची बाजू, म्हणजे मानेच्या दोन्ही अंगांना दिसणारा तुकडा
3. पार्श्वभूमीपासून कापून घेतलेली मूळ व्यक्ती
4. बँडची शर्टवर पडणारी सावली
5. बँड
6. कॉलरच्या दोन पाती, मूळ लेअरमधून कापून वर आणलेल्या
7. गाऊनची कोटावर पडणारी सावली
8. गाऊनची डावी पुढची बाजू आणि उजवी पुढची बाजू, दोन स्वतंत्र लेअरवर
9. हनुवटी, दाढी किंवा खांद्यावर आलेले केस, मूळ लेअरमधून कापून वर आणलेले
10. संपूर्ण चित्राची छटा जुळवणारे लेअर

प्रत्येक लेअरला नाव द्यावे. काळ्या कापडाचे चार लेअर एकमेकांवर असताना छोट्या चित्रावरून कोणता कोणता हे ओळखू येत नाही.

कापाकाप सर्वत्र मास्कनेच करावी, खोडरबराने नाही. कॉलरची पात चुकून दोन पिक्सेल जास्त कापली गेली तर मास्कवर पांढरा ब्रश फिरवून ती परत आणता येते. कॉलर आणि गाऊनच्या कडांसाठी पेन टूलने मार्ग आखून त्याचे सिलेक्शन करावे, कारण शिवलेल्या कापडाची कड स्वच्छ असते; केस आणि दाढीसाठी मात्र `Select and Mask` मधला कडा सुधारणारा ब्रश वापरावा.

तपासणी: या टप्प्यावर सावल्या आणि छटा लावू नयेत. फक्त क्रम पाहावा. बँडचा लेअर थोडा डावीकडे-उजवीकडे सरकवून बघावा. तो कॉलरच्या पातींखालून सरकत असेल आणि लॅपलच्या वरून जात असेल तर रचना बरोबर आहे. मग तो परत जागेवर आणावा.

## टप्पा ५ : बँड बसवणे

दोन पट्ट्या ज्या बिंदूवर एकत्र येतात तो बिंदू शर्टच्या सर्वांत वरच्या बटणावर यायला हवा, म्हणजे कॉलरच्या पाती जिथे भेटतात त्याच्या किंचित खाली. मान थोडी वळलेली असेल तर शर्टची बटणपट्टीही सरकलेली असते. अशा वेळी बँड चित्राच्या मध्यरेषेवर न ठेवता बटणपट्टीच्या रेषेवर ठेवावा. चित्राच्या मध्यरेषेवर ठेवलेला बँड गळ्यापासून सुटल्यासारखा दिसतो.

छाती सपाट नसते. `Edit > Transform > Warp` वापरून बँडचा मधला भाग किंचित फुगवावा आणि खालची टोके जराशी आत घ्यावीत. हा बदल इतका थोडा असावा की मूळ बँडशी तुलना केल्याशिवाय तो कळणार नाही. GIMP मध्ये हेच काम Cage Transform ने नीट होते. शर्टवर चुणी असेल तर ती बँडवर उतरवू नये; खळ घातलेला बँड शर्टच्या चुणीवरून सरळ जातो.

बिनकॉलरच्या ब्लाउजवर बँडची गळपट्टी झाकणारे काही नसते, म्हणून लेअर ६ लागत नाही. मात्र गळपट्टी मानेच्या दोन्ही बाजूंनी मागे वळून जाताना दिसली पाहिजे, आणि तिची मागची टोके केसांच्या किंवा मानेच्या कडेखाली मास्कने नाहीशी करावी लागतात. समोर टिपलेली सरळ गळपट्टी मानेवर तशीच ठेवली तर ती कागदाच्या पट्टीसारखी दिसते. तिला कमानीत वाकवून बाजूंना किंचित गडद करावे. साडीचा पदर किंवा ओढणी कोटाबाहेर आली असेल तर बँड तिच्यावर येतो.

### पांढऱ्यावर पांढरे

बँड शर्टवर हरवू नये म्हणून अनेकजण त्याच्या कडेला करडी रेषा काढतात. ती कधीही काढू नये. बँड वेगळा दिसतो तो दोन गोष्टींमुळे: शर्टपेक्षा तो किंचित उजळ असतो, आणि शर्टवर त्याची सावली पडते.

`Info` पॅनल उघडून शर्टच्या उजळ भागावर कर्सर ठेवावा. आकडा २५० च्या पुढे असेल तर `Curves` ने केवळ शर्ट २२५ ते २३२ पर्यंत खाली आणावा आणि बँड २४० ते २४४ च्या आसपास ठेवावा. दोघांतही २५५ हा आकडा कुठेही येऊ नये. त्याच पॅनलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे बँडवर आणि शर्टवर जवळजवळ सारख्या प्रमाणात असायला हवेत. शर्टमध्ये लाल थोडा जास्त आणि निळा थोडा कमी असेल, म्हणजे प्रकाश पिवळसर असेल, तर बँडलाही तितकाच पिवळसर करावा. दुधासारखा निळसर बँड पिवळसर शर्टवर लगेच परका दिसतो.

### बँडची सावली

Photoshop मधला तयार `Drop Shadow` वापरू नये, कारण तो वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची आणि एकाच मऊपणाची सावली देतो. प्रत्यक्षात बँड वर कॉलरने दाबलेला असतो, त्यामुळे तिथे सावली बारीक आणि ठळक असते. खाली पट्ट्या मोकळ्या असतात, त्यामुळे सावली रुंद आणि मऊ होत जाते. प्रकाशाच्या बाजूच्या कडेला ती जवळजवळ नसतेच.

`Multiply` मोडचे दोन लेअर करावेत. पहिल्यावर बँडच्या आकाराची सावली २ ते ३ पिक्सेल सरकवून, तितकाच ब्लर देऊन, ३५ टक्के गडदपणावर ठेवावी. दुसऱ्यावर तीच सावली १० ते १४ पिक्सेल सरकवून, १२ पिक्सेल ब्लर देऊन १५ टक्क्यांवर ठेवावी आणि मास्कवर ग्रेडियंट मारून वरच्या अर्ध्या भागातून ती काढून टाकावी. हे आकडे एका सेंटिमीटरला २६ पिक्सेल या मापाचे आहेत; चित्र लहान असेल तर त्याच प्रमाणात कमी करावेत. सावलीचा रंग काळा न घेता शर्टच्या बटणपट्टीजवळच्या खऱ्या सावलीतून उचलावा.

आणखी एक सावली जवळपास प्रत्येकजण विसरतो. मूळ छायाचित्रात हनुवटीची सावली शर्टच्या वरच्या भागावर पडलेली असते. बँड त्याच जागी आला म्हणजे तीच सावली बँडवरही पडायला हवी. बँडच्या वर एक `Curves` लेअर क्लिप करून तो गडद करावा आणि मास्कने फक्त वरच्या भागापुरता ठेवावा, शेजारच्या शर्टवर सावली जिथे संपते तिथेच बँडवरही संपेल असा. GIMP मध्ये बँड आणि त्याच्या वरचा `Multiply` मोडचा गडद लेअर एका ग्रुपमध्ये ठेवून त्या ग्रुपला बँडच्या आकाराचा मास्क दिला की हाच परिणाम मिळतो.

तपासणी: चित्र पूर्ण कृष्णधवल करून पाहावे. बँडच्या दोन्ही पट्ट्या, त्यांच्यामधली फट आणि शर्टची कड रेषेशिवाय ओळखू आली पाहिजे.

## टप्पा ६ : गाऊन चढवणे

गळ्याजवळून पाहिल्यास तीन पायऱ्या दिसतात: आधी शर्टची पांढरी कॉलर, तिच्याबाहेर कोटाच्या कॉलरची अरुंद काळी पट्टी, आणि त्याबाहेर गाऊन. गाऊन आपल्या वजनाने थोडा मागे सरकतो, म्हणून कोटाची ती पट्टी दिसतेच. एडिटिंगमध्ये गाऊन थेट पांढऱ्या कॉलरला भिडवला जातो आणि मधली पायरी नाहीशी होते. संपूर्ण चित्र खोटे वाटण्यामागे बहुतांशी हेच कारण असते.

आधी मागचा तुकडा बसवावा, मानेच्या दोन्ही बाजूंना तो सारखाच उंच दिसेल असा. त्यानंतर डावी पुढची बाजू, मग उजवी. दोन्ही बाजू स्वतंत्र `Warp` करून खांद्याच्या उतारावर आणाव्यात. गाऊन कोटाच्या वर असल्यामुळे त्याची बाह्यरेषा कोटाच्या खांद्यापेक्षा किंचित बाहेर आणि वर जाते. कोटाचा कोपरा गाऊनच्या बाहेर डोकावत असेल तर गाऊन बाहेर ओढावा, कोट आत दाबू नये, कारण कोट दाबला की खांदा अरुंद होतो आणि वकिलाची अंगकाठीच बदलते.

गाऊनच्या पुढच्या दोन कडा लॅपलवरून खाली उतरतात आणि बँडपासून दूर राहतात. त्या बँडला झाकू लागल्या तर गाऊन फार पुढे ओढला गेला आहे असे समजावे.

### काळ्यावर काळे

गाऊन आणि कोट एकाच काळ्यात बुडाले की छातीचा मधला भाग एक सपाट डाग होतो. कोटाचे उजळ भाग २० ते ३० च्या दरम्यान आणि गाऊनच्या उजेडातल्या चुण्या ३५ ते ४५ च्या दरम्यान ठेवल्या की दोन्ही काळी राहतात आणि तरी वेगळी दिसतात. सर्वांत खोल घडी ८ ते १० वर थांबवावी, शून्यावर नाही. मोबाइलच्या पडद्यावर २० च्या खालचे फारसे काही दिसत नाही, म्हणून फक्त मोठ्या मॉनिटरवर पाहून हे आकडे ठरवू नयेत.

कृत्रिम धाग्याचे काळे कापड कॅमेऱ्यात कधी तपकिरी, कधी जांभळट येते. गाऊन तसा आला असेल तर त्याच्या लेअरवर `Hue/Saturation` क्लिप करून सॅच्युरेशन जवळजवळ -१०० पर्यंत उतरवावे आणि मग कोटाची जी छटा आहे, तेवढीच हलकी छटा परत द्यावी. पूर्ण रंगहीन गाऊन उबदार प्रकाशातल्या कोटावर निळसर भासतो.

गाऊनची कोटावरची सावली बँडच्या सावलीइतकी दिसत नाही, पण लॅपलवर गाऊनची कड जिथे टेकते तिथे ४ ते ५ पिक्सेलची मऊ गडद पट्टी लागते. ती नसेल तर गाऊन कोटावर तरंगतो.

### पांढरट कड

गाऊनच्या कडेला आधीच्या पडद्याचा फिकट रंग राहिला असेल तर मास्क निवडून `Filter > Other > Minimum` एक पिक्सेल द्यावा. मास्कचा पांढरा भाग एका पिक्सेलने आत येतो आणि कड स्वच्छ होते. दोन पिक्सेलपेक्षा जास्त देऊ नये. चुण्यांच्या बारीक उंचवट्यांची बाह्यरेषा त्याने गुळगुळीत होते आणि गाऊन कात्रीने कापलेल्या काळ्या कागदासारखा दिसू लागतो.

तपासणी: पार्श्वभूमीच्या वर तात्पुरता गडद लाल रंगाचा लेअर टाकावा. काळ्या कडेवर उरलेला प्रत्येक फिकट पिक्सेल लालवर उठून दिसतो. दुरुस्ती झाल्यावर तो लेअर काढून टाकावा.

## टप्पा ७ : धार आणि कण जुळवणे

बँड जवळून टिपलेला असल्यामुळे तो सहसा चेहऱ्यापेक्षा अधिक धारदार असतो. चित्र दोनशे टक्क्यांवर नेऊन कॉलरची कड आणि बँडची कड शेजारी शेजारी पाहावी. बँडला ०.५ ते ०.८ पिक्सेल `Gaussian Blur` देऊन दोन्ही कडा सारख्या मऊ कराव्यात. शर्टवर दिसणारे बारीक कण बँडवर नसतील तर `Add Noise` मध्ये एकरंगी पर्याय निवडून एक ते दोन टक्के कण द्यावेत. गाऊनवर हे करण्याची गरज क्वचितच पडते, कारण गडद भागात कण आधीच अधिक असतात.

## टप्पा ८ : चौकट कापणे आणि जतन करणे

प्रोफाइल चित्र बहुतेक ठिकाणी गोल दाखवले जाते. गोलात चौकोनाचे चारही कोपरे जातात, आणि छातीच्या चित्रात गाऊनचे खांदे नेमके त्या खालच्या कोपऱ्यांत असतात. म्हणून चौकोन कापताना त्यावर तात्पुरते वर्तुळ काढून पाहावे. बँडची खालची टोके वर्तुळाच्या आत, कडेपासून थोडी दूर असावीत. टोके नेमकी कडेवर कापली जात असतील तर चौकट एक तर खाली वाढवावी किंवा बँडच्या मध्यापर्यंत वर घ्यावी. टोकाला अर्धवट चाटून गेलेली चौकट चुकून कापली गेल्यासारखी वाटते.

त्यानंतर चित्र शंभर पिक्सेल रुंदीवर आणून पाहावे. या आकारात सावल्यांची बारकाई दिसत नाही, पण दोन गोष्टी दिसल्याच पाहिजेत: बँडच्या दोन वेगळ्या पट्ट्या, आणि कोट व गाऊन यांमधली कड. पट्ट्या एकच पांढरा ठिपका होत असतील तर त्यांच्यामधल्या फटीची सावली थोडी गडद करावी, बँड मोठा करू नये. ही सावली लहान चित्रासाठी वाढवली म्हणून मोठ्या चित्रात ती जड वाटत असेल, तर दोन आकारांसाठी दोन वेगळ्या प्रती ठेवणे योग्य.

रंगप्रणाली `sRGB` करून चित्र `JPEG` मध्ये जतन करावे. गुणवत्ता फार कमी ठेवल्यास काळ्या गाऊनवर चौकोनी ठोकळे उमटतात; ते आधी खांद्याच्या चुण्यांत दिसतात, म्हणून जतन केल्यावर फाइल पुन्हा उघडून तोच भाग पाहावा. सर्व लेअर असलेली मूळ फाइल `PSD` किंवा `XCF` मध्ये वेगळी ठेवावी आणि तिच्या नावात मापाचे गुणोत्तर, म्हणजे या उदाहरणात एका सेंटिमीटरला २६ पिक्सेल, लिहून ठेवावे. त्याच कार्यालयातल्या दुसऱ्या वकिलाचे छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने आणि त्याच अंतरावरून काढलेले असेल, तर बँड आणि गाऊनचे लेअर त्याच मापाने उचलता येतात. खांद्यांचा उतार, हनुवटीची सावली आणि कॉलरच्या पाती मात्र प्रत्येक चेहऱ्यासाठी नव्यानेच कराव्या लागतात.